घाटावरून आलेला मेल

जुन्या गिऱ्हाइकाला परत बोलावणारे मेल आपल्या सगळ्यांच्या पेटीत पडतात. 'तुमची आठवण येते', खाली उदास चेहरा, त्याखाली पंचवीस टक्के सूट आणि मध्यरात्रीपर्यंतची मुदत. आपण ते न उघडताच पुसतो, आणि तेच योग्य आहे. पण या प्रकारात कधीतरी एखादं असं लिहिणं हाती लागतं की ते पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. देवगडकडच्या माझ्या एका आंबा बागायतदार स्नेह्यांना दिवाळी उलटल्यावर असा एक मेल आला. पाठवणारे गृहस्थ गगनबावड्यात चार-पाच खोल्यांचं घरगुती निवास-न्याहारीचं ठिकाण चालवतात. दोघांच्या परवानगीने, नावं आणि फोन काढून, तो इथे देतो.

विषय: करूळ घाट सुरू झालाय

नमस्कार भाऊ, वहिनी,

गगनबावड्याहून लिहितोय. तुम्ही शेवटचे 2023 च्या ऑगस्टमध्ये आला होता, आजींसह. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत होता. दोन्ही दिवस धुकं हटलं नाही आणि गगनगड काही दिसला नाही. निघताना आजी म्हणाल्या होत्या, गड आहे असं तुम्ही म्हणताय म्हणून आम्ही मानतो.

पुढच्या जानेवारीत करूळ घाट बंद झाला. तुमची कोल्हापूरची वाट फोंड्याकडून सुरू झाली असणार. आता घाट पुन्हा सुरू झालाय, रस्ता नवा आहे. पावसाळ्यात दरड येते, ते अजून थांबलेलं नाही. पण या दिवसांत तशी भीती कमी. तरी निघायच्या सकाळी मला फोन करा, घाटाची त्या दिवसाची खबर सांगेन. इथे थांबणार नसलात तरी करा.

सध्या सकाळी नऊनंतर गड स्वच्छ दिसतो. नाचणी घरात आली आहे. जिना नको असेल त्यांच्यासाठी खाली अंगणाला लागून एक खोली केली आहे. तिच्या खिडकीतूनही गड दिसतो. यंदा पावसाळ्यात आमच्या सगळ्या खोल्या भरलेल्या होत्या.

15 डिसेंबरपर्यंत सोमवार ते गुरुवार कधीही आलात तर तुम्हाला 2023 चाच दर, 1800 रुपये, न्याहारीसह. आता दर 2200 आहे. त्या तारखेनंतर तुमची मोहोराची गडबड आणि आमची नाताळची. आगाऊ पैसे पाठवू नका, फक्त तारीख कळवा.

असे मेल नको असतील तर 'नको' एवढंच लिहा, पुन्हा पाठवणार नाही.

आपला,
(नाव, फोन)

ता. क. काळी, लाकडी मुठीची एक छत्री वरच्या खोलीत राहिली होती. तुमचीच असावी. ठेवली आहे.

एवढंच. ना चित्र, ना रंगीत बटण, ना बोधचिन्ह. वरवर पाहणाऱ्याला हा एका साध्या माणसाने सहज खरडलेला मजकूर वाटेल. पण नीट पाहिलं की प्रत्येक वाक्याच्या जागेचा विचार झालेला दिसतो.

सुरुवात विषयओळीपासून करू, कारण बहुतेक मेलचं आयुष्य तिथेच संपतं. फोनच्या पडद्यावर विषयाची साधारण पस्तीस-चाळीस अक्षरं दिसतात, पुढचं तुटतं. इथे विषय त्याच्या निम्म्यातच आटोपला आहे. त्यात पाठवणाऱ्याचं नाव नाही, त्याच्या खोल्यांचा उल्लेख नाही, सवलतीचा तर नाहीच. आहे ती एक बातमी, आणि ती घेणाऱ्याच्या कामाची. देवगड किंवा विजयदुर्ग भागातून कोल्हापूरला जाणारा माणूस तळेऱ्याला महामार्ग ओलांडतो, वैभववाडी गाठतो, करूळ घाट चढून गगनबावड्याला येतो आणि साळवण, कळे करत कोल्हापुरात पोचतो. त्याच्यासाठी 'करूळ घाट सुरू झालाय' हे वाक्य मुक्काम करो वा न करो, उघडून वाचण्याजोगं आहे. मेल उघडण्यापूर्वीच त्याने वाचणाऱ्याला काहीतरी दिलेलं आहे. मुंबईच्या किंवा पुण्याच्या पाहुण्याला हाच विषय निरर्थक वाटला असता, आणि यजमानांनी त्या पाहुण्यांना तो पाठवलेलाही नाही.

विषयाखाली मेलपेटी मजकुराचे पहिले काही शब्द फिक्या अक्षरांत दाखवते. मोठमोठ्या कंपन्यांच्या मेलमध्ये या जागी 'चित्र दिसत नसेल तर इथे टिचकी मारा' असलं काहीतरी येऊन बसतं, म्हणजे दुकानाच्या दारातच केराची टोपली. इथे त्या जागी काय येतं पाहा: 'नमस्कार भाऊ, वहिनी, गगनबावड्याहून लिहितोय.' दोघांना मिळून केलेला नमस्कार आणि गावाचं नाव. पाठवणारा कोण, हा अनोळखी पत्त्याबद्दलचा पहिला प्रश्न इथेच मिटतो. वहिनींना नमस्कारात घेण्याचं औचित्यही सहज झालं आहे. कुठे थांबायचं याचा निर्णय बहुधा त्यांचाच असतो, हे पाहुणे सांभाळणाऱ्या माणसाला पक्कं ठाऊक असतं.

आता पहिला परिच्छेद. 'तुम्ही शेवटचे 2023 च्या ऑगस्टमध्ये आला होता' हे वाक्य कमालीचं निर्विकार आहे. दोन वर्षांच्या मौनाचा उल्लेख करणं या प्रकारातलं सगळ्यात अवघड काम. बहुतेक लिहिणारे इथे रुसतात: 'आम्हाला विसरलात का?', 'आमचं काही चुकलं का?' रुसव्याने वाचणारा लगेच बचावाच्या पवित्र्यात जातो, कारण गिऱ्हाइकाने परत आलंच पाहिजे असं त्याच्यावर कसलंही बंधन नसतं. इथे तक्रारीचा सूरच नाही. नोंदवहीत असतं तसं वर्ष, महिना, खोली. आणि त्या कोरड्या नोंदीला लागून एकदम आजींचं वाक्य येतं, किंचित खवचट आणि प्रेमळ. कोकणातल्या म्हाताऱ्या बायका असंच बोलतात, आणि हे बोलणं बनावट असू शकत नाही हे वाचणाऱ्याला तत्क्षणी कळतं. शंभर जणांना एकच मजकूर पाठवणाऱ्या यंत्राला नाव भरता येतं, तारीख भरता येते, पण आजी निघताना काय म्हणाल्या ते भरता येत नाही. एका ओळीत यजमानांनी आपली ओळखही पटवली आणि आपण ऐकत होतो हेही कळवलं.

या आठवणीत आणखी एक कसब आहे. ती गोड आठवण नाही. पाहुण्याला हवं होतं ते मिळालं नव्हतं, त्याची ती आठवण आहे. कोल्हापूर जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या गावात ऑगस्टमध्ये धुकं असणार यात नवल नाही. गावाच्या डोक्यावर उभा असलेला, गगनगिरी महाराजांच्या मठामुळे दूरदूरच्या लोकांना माहीत असलेला गड दोन दिवसांत एकदाही दिसला नाही. इतर कुणी लिहिलं असतं, 'तुम्ही इथे किती मजा केलीत आठवतं ना?' मजा करून झालेली असेल तर परत येण्याचं कारण उरत नाही. राहून गेलेलं असेल तर उरतं. यजमानांनी नेमकी उणीव आठवली, तीही स्वतःच्या सेवेतली नव्हे, हवामानातली. तिची भरपाई करण्यासाठी त्यांना फक्त ऋतू बदलेपर्यंत थांबायचं होतं.

दुसऱ्या परिच्छेदाकडे वळताना थोडा मागचा संदर्भ लागेल. रस्त्याच्या कामासाठी करूळ घाट जानेवारी 2024 मध्ये बंद झाला आणि वर्षभराहून अधिक काळ बंद राहिला. वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटांकडे वळली. यात गगनबावड्याच्या दृष्टीने फरक मोठा आहे. भुईबावडा घाट वर गगनबावड्यालाच निघतो, त्यामुळे तिकडून येणारा पाहुणा गावातून जातोच. फोंडा घाट मात्र दाजीपूर-राधानगरीकडे निघतो. तिकडून कोल्हापूरला जाणाऱ्याच्या वाटेत गगनबावडा येतच नाही. देवगडचं हे कुटुंब कोल्हापूरला कामाला जाताना वर्षातून एखाद-दुसरा मुक्काम इथे करायचं. फोंड्याची वाट धरली आणि मुक्काम आपोआप सुटला. घाट उघडला तरी पडलेली सवय काही त्या दिवशी बदलत नाही.

गिऱ्हाईक गप्प का झालं, याचं हे निदान मेलच्या मुळाशी आहे. पाहुणा नाराज होऊन गेला असता तर पहिलं वाक्य दिलगिरीचं लागलं असतं. स्वस्त ठिकाण सापडलं असतं तर दराचं बोलावं लागलं असतं. घरातली मुलं शिकायला बाहेर गेली म्हणून फिरणं थांबलं असतं तर यातलं काहीच लागू पडलं नसतं. यजमानांनी नोंदवही काढून आधी गाव पाहिलं, मग किती वेळा येऊन गेलेत ते पाहिलं. देवगड, विजयदुर्ग, वैभववाडी या पट्ट्यातले, एकापेक्षा जास्त वेळा आलेले आणि 2024 पासून अचानक थांबलेले तेवढेच निवडले. एकदाच आलेल्या माणसाला त्यांनी या फेरीत घेतलं नाही. त्याचा इथे पायंडाच पडलेला नव्हता, मग तो मोडला म्हणून आठवण काय करून देणार? 'तुमची कोल्हापूरची वाट फोंड्याकडून सुरू झाली असणार' या वाक्यातलं 'असणार' मला फार आवडतं. अंदाज आहे, आरोप नाही. शिवाय न येण्याचं कारण पाहुण्याच्या तोंडून काढून घेण्याऐवजी यजमानांनी ते स्वतःच पुढे केलं आहे, तेही कुणाचाच दोष नसलेलं. परत येणाऱ्याला आता काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

मग दरडीचं वाक्य येतं, आणि इथे लिहिणाऱ्याची छाती दिसते. परत या म्हणणाऱ्या पत्रात रस्त्याची भीती कोण लिहील? पण सिंधुदुर्गातल्या माणसाला करूळच्या दरडी सांगायला नकोत, तो वर्षानुवर्षं त्या बातम्या वाचतो. 'रस्ता नवा आहे' एवढंच लिहिलं असतं तर त्याने मनात 'आणि दरडी?' असं विचारलंच असतं, आणि त्या न विचारलेल्या प्रश्नाने पुढचा सगळा मजकूर पातळ झाला असता. इथे शंका यजमानांनीच उचलली, ऋतूने ती कितपत सैल होते तेही सांगितलं, आणि उरलेल्या शंकेसाठी स्वतःचा फोन देऊ केला. शेवटी, 'इथे थांबणार नसलात तरी करा.' सगळ्या मेलचा पाया या छोट्या वाक्यात आहे. घाटमाथ्यावर बसलेल्या माणसाकडे खाली बसलेल्याला उपयोगी अशी एक गोष्ट असते, आजची खबर, आणि ती द्यायला त्याला काही पडत नाही. बदल्यात काही न मागता ती दिली की पुढे येणारा दर आमिष वाटत नाही. धंद्याच्या अंगानेही हे शहाणपणाचं आहे: घाटाची चौकशी करायला फोन करणारा माणूस बोलता बोलता 'मग थांबूनच जातो' म्हणण्याची शक्यता किती, हे त्यांना अनुभवाने माहीत असणार. पण ते लिहून दाखवलं असतं तर सगळी चव गेली असती.

तिसऱ्या परिच्छेदात परत येण्याचं कारण आहे, आणि इथे रसिकाने जरा थांबावं. 'सकाळी नऊनंतर गड स्वच्छ दिसतो.' नऊनंतर! पहाटे धुकं असतं हे मान्य करून दिलेली ही वेळ आहे, आणि या एका शब्दाने उरलेल्या वाक्याची हमी घेतली आहे. नाचणी घरात आली आहे, हे त्याहून कमी शब्दांत. कोकणातल्या माणसाला नाचणीच्या भाकरीचं वर्णन करून सांगणं म्हणजे त्याचा अपमान. घरात आली आहे एवढं कळवलं की पुढचं ताट त्याच्या डोळ्यासमोर आपोआप येतं.

आणि मग खालची खोली. पहिल्या वाचनात माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, ते स्नेह्यांच्या पत्नीने दाखवून दिलं. 2023 मध्ये आजींना वरच्या खोलीचा जिना जड गेला होता. यजमानांनी ते पाहिलं होतं, आणि खालची खोली बांधताना ते मनात असावं. साहजिकच त्यांनी लिहायला हवं होतं, 'आजींसाठी खाली खोली केली आहे, त्यांना नक्की घेऊन या.' त्यांनी लिहिलं, 'जिना नको असेल त्यांच्यासाठी.' का? मध्ये दोन वर्षं गेली आहेत. ऐंशीच्या घरातलं माणूस दोन वर्षांत असेलच असं गृहीत धरता येत नाही. आजी गेल्या असत्या आणि मेलमध्ये 'त्यांना घेऊन या' असतं, तर त्या घरात तो मेल कसा वाचला गेला असता? म्हणून आजींचं वाक्य भूतकाळात ठेवलं. ते आठवण म्हणून दोन्ही परिस्थितींत चालतं. त्या असतील तर हसू येईल, नसतील तर कुणी त्यांना आठवलं याचं बरं वाटेल. वर्तमानकाळात मात्र त्यांचा उल्लेख नाही, 'आजी कशा आहेत?' हा शिष्टाचाराचा प्रश्नही नाही. खोली मोकळी ठेवली आहे, कोण वापरेल ते तुम्ही ठरवा. दीर्घ मौनानंतर लिहिताना त्या मौनात काय काय घडून गेलं असेल याची इतकी जाण ठेवणारं गद्य मी या प्रकारात दुसरं पाहिलेलं नाही.

गडाचं चित्र मेलला का जोडलं नाही, असं मी यजमानांना विचारलं. नोव्हेंबरच्या उन्हातला गगनगड छान दिसतो, फोनमध्ये त्यांच्याकडे डझनभर छायाचित्रं आहेत. ते म्हणाले, 'मग यायचं कशाला?' याला तांत्रिक बाजूही आहे. जड चित्रांचे मेल जाहिरातीच्या कप्प्यात जाण्याचा संभव वाढतो, आणि कित्येक ठिकाणी चित्र आपोआप उघडतच नाही, नुसती रिकामी चौकट दिसते. पण त्यांचं कारण जास्त पक्कं होतं. दोन दिवस थांबूनही जो गड दिसला नाही तो मेलमध्ये फुकट दाखवून टाकला, तर पहिल्या परिच्छेदाने राखून ठेवलेलं सगळं खर्च झालं असतं.

आता दराचा परिच्छेद. मऊ देकार कसा असावा याचा हा धडाच म्हणावा. 2200 चे 1800 म्हणजे चारशे रुपये कमी. हेच 'अठरा टक्के सूट' म्हणून लिहिता आलं असतं. पण सूट म्हटली की ती कुणालाही मिळू शकते, आणि खोलीची मूळ किंमत फुगवलेली होती की काय असा संशयही सोबत येतो. '2023 चाच दर' म्हणताना चारशे रुपये तेवढेच राहतात, पण त्यांचा मान बदलतो. तुम्ही गेलात तेव्हा जो दर होता तोच तुमच्यासाठी थांबवून ठेवला आहे. जुनी ओळख असल्याखेरीज हा दर मिळूच शकत नाही, म्हणून पलीकडच्या खोलीत 2200 देऊन राहिलेल्या पाहुण्यालाही राग येण्याचं कारण नाही.

यजमानांचा हिशेबही ऐकण्यासारखा आहे. एक खोली एका रात्रीसाठी दिली की चादरी धुणं, गिझर, दोघांची न्याहारी धरून त्यांचे साडेचारशेच्या आसपास जातात. 1800 मधून ते वजा केले तरी साडेतेराशे उरतात, आणि नोव्हेंबरमधल्या मंगळवारी ती खोली एरवी रिकामीच असते. शनिवार-रविवारी मात्र पूर्ण दराने पाहुणा मिळतो, तेव्हा जुना दर दिला असता तर चारशे रुपये सरळ खिशातून गेले असते. म्हणून सोमवार ते गुरुवार. शुक्रवारही त्यांनी वगळला आहे, कारण कोल्हापूरची मंडळी शुक्रवारी संध्याकाळीच निघतात. बागायतदाराला मधला वार अडचणीचा नसतो. नोकरदार कुटुंबाला हाच देकार केला असता तर तो देखाव्यापुरताच ठरला असता. देकाराची अट घेणाऱ्याच्या सोयीत आणि देणाऱ्याच्या रिकाम्या दिवसांत एकाच वेळी बसावी, हे अवघड गणित इथे सुटलेलं आहे.

मुदत तर खास न्याहाळावी. जाहिरातींतल्या मुदती मनाने ठरवलेल्या असतात, आणि त्या संपल्या की पुन्हा सुरू होतात हे सगळ्यांना माहीत असतं. इथे 15 डिसेंबरला कारण आहे, एकाऐवजी दोन. तुमची मोहोराची गडबड आणि आमची नाताळची. डिसेंबरात हापूसच्या बागांत तुडतुड्यांच्या आणि भुरीच्या फवारण्यांचं वेळापत्रक सुरू होतं, तेव्हा बागायतदार घर सोडत नाही. घाटावरच्या माणसाने खालच्या माणसाचं पंचांग ध्यानात ठेवून मुदत घातली आहे. 'तुमची आणि आमची' अशी एका वाक्यात मांडणी केल्यामुळे दोघंही आपापल्या हंगामाला बांधलेली माणसं म्हणून शेजारी उभी राहतात. मुदत टोचत नाही, उलट ती वाचताना थोडं हसूच येतं. आणि 'आगाऊ पैसे पाठवू नका, फक्त तारीख कळवा' हे एकच काम वाचणाऱ्याकडे ठेवलं आहे. दुवा नाही, फॉर्म नाही, निवडायला तीन पर्याय नाहीत.

'नको' लिहिण्याच्या ओळीबद्दल थोडक्यात. 2024 मध्ये जीमेलने दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एका टिचकीत बाहेर पडण्याची सोय सक्तीची केली, आणि स्पॅमच्या तक्रारी हजारात तीनपेक्षा कमी ठेवायला सांगितल्या. आपल्या साध्या खात्यातून एकेकाला लिहिणाऱ्या गगनबावड्याच्या माणसाला हा नियम लागू नाही. तरीही ही ओळ त्याच्या फायद्याचीच आहे. मोजक्या मेलमध्ये एकाने जरी वैतागून 'स्पॅम' दाबलं तरी पुढचे मेल स्पॅमच्या कप्प्यात अडकू शकतात. बाहेर पडायचं सोपं दार दिसलं की माणूस भिंत फोडत नाही. जुन्या पत्त्यांचा आणखी एक धोका असतो. त्यातले कित्येक बंद झालेले असतात, आणि असे मेल ढिगाने परत यायला लागले की पाठवणाऱ्याचीच पत खालावते. यजमानांचेही काही परत आले. सगळ्यांना एकदम पाठवण्याऐवजी रोज थोडेथोडे पाठवल्यामुळे ते वेळीच कळले, आणि ते पत्ते त्यांनी वहीत खोडून टाकले. मेल उघडला गेला की नाही हे शोधणारी छुपी चित्रं त्यांनी वापरली नाहीत. काही फोन मेल स्वतःच आधी उघडून ठेवत असल्याने तो आकडा आताशा भरवशाचा राहिलेला नाही. उत्तर आलं की नाही, एवढंच ते मोजतात.

उत्तर यावं याची सर्वांत हुशार सोय तळाशी आहे, 'ता. क.' मध्ये. पत्र वरवर चाळणाऱ्याची नजरही ताजा कलमावर थांबते, ही जुन्या पत्रलेखकांना ठाऊक असलेली गोष्ट. तिथे एखादा घाईचा लिहिणारा दर पुन्हा लिहितो. यजमानांनी तिथे छत्री ठेवली. 'तुमचीच असावी' म्हटल्यामुळे वाचणाऱ्याला हो किंवा नाही असं काहीतरी म्हणावंच लागतं, आणि उत्तराचं ते पहिलं वाक्य मुक्कामाबद्दल नसल्याने लिहायला सोपं जातं. मुठीचा तपशील दिलेला आहे, तेव्हा हा प्रत्येकाला पाठवलेला ठोकळा नाही हेही सिद्ध होतं. ज्यांचं काही राहिलेलं नव्हतं त्यांच्या मेलला ताजा कलम नव्हताच, असं नंतर कळलं. खोटी छत्री त्यांनी कुणाच्या गळ्यात मारली नाही. वहिनींचं उत्तर दुसऱ्याच दिवशी गेलं: छत्री आमचीच, मंगळवारी येतो, खालची खोली ठेवा.

इतक्या सुघड लिखाणात मला एकच वाक्य खटकलं. 'यंदा पावसाळ्यात आमच्या सगळ्या खोल्या भरलेल्या होत्या.' बाकी सगळा मेल पाहुण्याकडे तोंड करून बसला आहे, हे एकच वाक्य आरशाकडे वळलेलं आहे. त्यापुढेच जुन्या दराचा परिच्छेद येतो, त्यामुळे दोन्हींत विसंगतीही भासते: इतक्या भरल्या होत्या तर स्वस्तात का देताय? ते काढलं असतं तर खिडकीतून दिसणाऱ्या गडावरून वाचणारा थेट दरावर आला असता. मी यजमानांना तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, ते वाक्य थोरल्या मुलाने घातलंय, पावसाळाभर खोल्या त्यानेच सांभाळल्या, म्हणून राहू दिलं.